३-९×४० स्कोप, 'हाय' रिंगा आणि ९× वर काळी कोर: स्कोप बदलू की रिंगा?

पऱ्हाटी_यवतमाळ
राम राम मंडळी. माझ्याकडे ४.५ मिमीची ब्रेक बॅरल स्प्रिंग एअर रायफल आहे. वर ११ मिमीची डव्हटेल रेल. तिच्यावर एक इंची नळीचा ३-९×४० एओ स्कोप चढवला. रिंगा दुकानदारानं 'हाय' म्हणून देल्या. वावरात २० मीटरवर कागद लावतो, मागं मातीचा उंच बांध आहे.

तक्रार अशी. ३× वर चित्र पुरं गोल दिसते. ९× केलं की एका बाजूनं काळी कोर येते आणि डोकं जरासं हाललं की ती कोर इकडून तिकडं पळते. वाळूच्या पिशवीवर टेकवून मारले तरी पाच छर्ऱ्यांचा ग्रुप ३५-४० मिमी पसरून राह्यला. माशीवरून याहून बरा येत होता. स्कोप खराब निघाला का? दुसरा घेऊ का?

संत्राबाग
काळं दिसते म्हणजे डोळ्यापासून अंतर चुकलं भाऊ. रिंगा ढिल्या कर, स्कोप एक-दीड सेंटीमीटर मागं ओढ, काम झालं. रिंगा हायच राहू दे. स्कोप उंच असला की झिरो, म्हणजे छर्रा क्रॉसहेअरवरच लागते ते अंतर, लांब जाते, लांबच्या निशाण्याले फायदा. काचेत दोष नसन.

जुना_फिटर
स्कोप बदलायची घाई करू नका. ओढायचीही करू नका. आधी काळं कसं दिसतं ते नीट पाहा, कारण दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

चित्राभोवती चहूबाजूंनी सारखी काळी कडी असेल आणि मधला गोल लहान झाला असेल, तर डोळा स्कोपपासून मागे-पुढे चुकलाय. तो आय रिलीफचा मामला. पण कोर एकाच बाजूला आहे आणि डोकं हललं की पळते, तर डोळा स्कोपच्या मधल्या रेषेवर नाही. वर आहे, खाली आहे किंवा बाजूला आहे. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे.

३× वर का दिसत नाही, तेही सांगतो. मागच्या भिंगातून उजेडाची जी गोल टिकली डोळ्यावर पडते, तिचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. ४० भागिले ९ म्हणजे जेमतेम ४.४ मिमी. ३× वर हीच टिकली तिपटीच्या आसपास मोठी, म्हणून डोकं थोडं चुकलं तरी खपून जातं. ९× वर तेवढी सूट नाही. दोष दोन्हीकडे आहे, फक्त ९× वर उघडा पडतो.

आता एक तपासणी करा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, नळी मोडून आत पाहा. मग टेकणीवर ९× लावून गाल दस्त्यावर घट्ट ठेवा, जसा माशीवरून मारताना ठेवता तसा. चित्र काळं असेल तर गाल हळूहळू वर उचला. उचलत गेल्यावर चित्र साफ होत असेल तर स्कोप तुमच्या गालाच्या मानानं उंच आहे. किती उचलावं लागलं ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, कोणाला तरी बाजूनं पट्टी धरायला सांगा.

पऱ्हाटी_यवतमाळ
केलं फिटर भाऊ. गाल उचलला की साफ होते. पोऱ्यानं पट्टी धरली, ६-७ मिमी म्हणते. मंग गाल दस्त्याले लागतच नाही, फक्त हनुवटी टेकते.

जुना_फिटर
मग ग्रुप पसरण्याचं मोठं कारण सापडलं. हनुवटी टेकून डोकं हवेत ठेवलं की प्रत्येक छर्ऱ्याला डोळा वेगळ्या जागी येतो. क्रॉसहेअर कागदावर त्याच ठिकाणी दिसतं, पण डोळा रेषेबाहेर असला आणि पुढच्या भिंगाची, निशाण्याचं अंतर जुळवायची एओची कडी बरोबर अंतरावर नसली, तर क्रॉसहेअर जिथं दिसतं तिथं खरं नसतं. तुमची कडी कितीवर आहे?

पऱ्हाटी_यवतमाळ
ती तर हलवलीच नाही. १०० वर आहे. यार्डच लिहिलं आहे तिच्यावर.

जुना_फिटर
२० मीटर म्हणजे साधारण २२ यार्ड. कडी तिथं आणा, आणि आकड्यावर विसंबू नका. कागदावरची बारीक रेघ ९× वर सर्वात तीक्ष्ण दिसेल तिथं थांबा. मग रायफल पिशवीवर स्थिर ठेवून, हात न लावता, डोकं वर-खाली करून पाहा. क्रॉसहेअर कागदावर सरकत नसेल तर कडी जागेवर आली.

ही चूक किती मोठी पडू शकते, त्याचा हिशेब सोपा आहे. ४० मिमी भिंग, कडी १०० यार्डावर म्हणजे ९१ मीटरवर, निशाणा २० मीटरवर. भिंगाचा अर्धा व्यास २० मिमी, गुणिले ७१ भागिले ९१. साडेपंधरा मिमी झाले. डोळा टिकलीच्या एका काठावर असेल तर छर्रा एका बाजूला तेवढा, दुसऱ्या काठावर असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढा. म्हणजे ३५-४० च्या पसाऱ्यातला बराचसा भाग इथंच हिशेबात बसतो.

संत्राबाग भाऊंचं उंचीबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्कोप उंच केला की जवळचा आणि लांबचा झिरो एकमेकांपासून दूर जातात, हे खरं. पण जवळ, सात-आठ मीटरवर, छर्रा तेवढाच जास्त खाली लागतो, आणि रायफल तिरकी धरल्याची चूकही वाढते. आणि गालच बसत नसेल तर त्या लांबच्या झिरोचा उपयोग काय?

तुरीचं_वावर
मंडळी, याच रायफलीनं रानडुक्कर हाकलता येते का? तूर पूर्ण लोळवून टाकली. स्कोप चांगला बसला तर किती मीटरवरून?

रायफल_ताई
नाही दादा. या रायफलीनं डुकराला फक्त जखम होईल आणि ते तडफडत फिरेल. शिवाय ते वन्यप्राणी कायद्यात येतं, वन विभागाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नुकसानीचा पंचनामा आणि भरपाईसाठी वनरक्षकाकडे जा, उशीर करू नका. इथं कागदावरच्या निशाण्याचीच चर्चा आहे.

जुना_फिटर
रिंगांवर येतो. 'लो, मीडियम, हाय' या शब्दांवर विकत घेऊ नका, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. काही जण रेलच्या माथ्यापासून रिंगच्या खोबणीच्या तळापर्यंत मोजतात, काही जण स्कोपच्या मध्यापर्यंत. एक इंची नळीला दोन्हींत १२.७ मिमीचा फरक पडतो. दुकानदाराला विचारताना कोणतं माप आहे तेच विचारा, किंवा व्हर्निअर घेऊन स्वतः मोजा.

पऱ्हाटी भाऊ, तीन मापं द्या. पुढच्या घंटीचा, एओ कडीसकट, बाहेरचा सर्वात मोठा व्यास. आताच्या रिंगची खोबणीच्या तळापर्यंतची उंची. आणि घंटी ज्या जागेवर येते तिथं सिलिंडर रेलच्या माथ्यापेक्षा उंच आहे की खाली.

पऱ्हाटी_यवतमाळ
घंटी ५१ मिमी. रिंग खोबणीपर्यंत २१ मिमी. सिलिंडर रेलच्या माथ्याच्या बरोबरीतच, पट्टी आडवी ठेवून पाह्यलं, फट नाही.

जुना_फिटर
५१ चा अर्धा साडेपंचवीस. खाली दोन-अडीच मिमी हवा ठेवायची, म्हणजे रबराची टोपी बसेल आणि कडी फिरवताना बोटाला अडणार नाही. स्कोपचा मध्य रेलच्या माथ्यापासून २८ मिमीवर हवा. त्यातून १२.७ वजा करा, खोबणीपर्यंत १५.३ मिमी. तुमची आहे २१. पावणेसहा मिमी जादा, आणि गाल उचलायला लागतो तो ६-७. दोन्ही आकडे जुळतात.

१५ ते १६ मिमीच्या रिंगा शोधा. मागवण्याआधी स्कोप रेलवर तेवढ्या उंचीवर आडवा धरून पाहा. खाली कार्डाच्या पट्ट्या रचून १५ मिमी केल्या की होतं. मग नळी पूर्ण मोडा आणि घंटीला, एओ कडीला कुठं लागते का तपासा. काही रायफलींत मोडताना ब्रीचचा भाग वर उचलतो. तिथं लागलं तर उंची वाढवायची किंवा स्कोप मागे घ्यायचा.

संत्राबाग
नवीन रिंगा कशाला, दस्त्यावर फोमची पट्टी चिकटवून वरून कापड गुंडाळ. गाल ६ मिमी वर येईन. खर्च काही नाही.

जुना_फिटर
हाही मार्ग खरा आहे, वाईट नाही. ज्यांच्या रायफलीला उंच स्कोप ठेवणं भागच आहे, मोठ्या घंटीमुळे, त्यांनी तेच करावं. फक्त फोम दबणारा नको. उन्हात मऊ पडणारा तर नकोच, नाहीतर गाल रोज वेगळ्या उंचीला बसतो. चामड्याचा कडक तुकडा बरा.

रानवाट
माझी .३१५ आहे, परवाना आहे. तिच्यावर असाच स्कोप लावायचा विचार आहे. एअरगनच्याच रिंगा वापरू का, आय रिलीफ ७५ मिमी लिहिला आहे?

रायफल_ताई
दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. .३१५ चा धक्का जोराचा. ७५ मिमी जवळ आहे, भुवईवर बसू शकतो. ९० च्या वरचा स्कोप शोधा. एअरगनची डव्हटेल रिंग तिच्यावर बसणार नाही, बेस परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच बसवून घ्या.

जुना_फिटर
आणि एक फरक लक्षात ठेवा, कारण इथं लोक एकमेकांचं पाहून उलटं करतात. बारूदाची रायफल मागे ढकलली जाते, स्कोप जडपणामुळे जागेवर राहू पाहतो, म्हणून रेलवर तो पुढं सरकतो. स्प्रिंग रायफलीत पिस्टन पुढं सुटतो तेव्हा रायफल आधी थोडी मागे जाते, पण पिस्टन टोकाला आदळला की ती जोरात पुढं फेकली जाते, आणि स्कोप रेलवर मागे, डोळ्याकडे सरकतो. म्हणून स्प्रिंग रायफलीच्या स्टॉप पिनला रेलच्या भोकाच्या मागच्या भिंतीला टेकवायचं. पुढच्या भिंतीला टेकवलात तर पिन असून नसल्यासारखी, थोड्याच दिवसांत भोकाएवढी ढील खाऊन स्कोप मागे येतो.

पऱ्हाटी_यवतमाळ
माझ्या रिंगांत पिन आहे, पण ती कुठं टेकते ते पाह्यलंच नाही. १५.५ ची जोडी मिळाली आहे. आता क्रमानं सांगा, काय आधी काय नंतर.

रायफल_ताई
आय रिलीफचं मी सांगते. रिंगांचे बूड रेलवर आवळलेले, स्टॉप पिन टेकलेली, रिंगांच्या टोप्या इतक्याच आवळा की स्कोप हातानं सरकेल पण आपोआप सरकणार नाही. मोठेपणा ९× करा, ३× वर बसवला तर हमखास चुकतो, कारण वेगळ्या मोठेपणाला अंतर बदलतं आणि जास्त मोठेपणाला बहुतेक स्कोपांत ते कमी होतं. आता डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल ठेवा, मान सैल सोडा. मग डोळे उघडा. चहूबाजूंनी काळी कडी दिसली तर मान हलवू नका, स्कोप सरकवा. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा पाहा. चित्र लगेच पुरं दिसेल तिथं थांबा.

हे ज्या अवस्थेत जास्त मारता त्याच अवस्थेत करा. टेबलावर टेकून मारताना डोकं पुढं जातं, उभं राहून मारताना मागे राहतं, आणि फरक एक-दोन सेंटीमीटर सहज पडतो. टेबलावर बसवून उभ्यानं मारायला गेलात की पुन्हा काळं. दोन्ही करत असाल तर मधला मुक्काम घ्या. आणि डिसेंबरात स्वेटर घालून बसवलेला स्कोप मे महिन्याच्या सुती सदऱ्यावर जवळ वाटतो, कारण दस्ता खांद्यात तेवढा आत बसतो.

एक गोष्ट वेगळी ठेवा. क्रॉसहेअरच धूसर दिसत असेल तर तो आय रिलीफ नाही, मागच्या चष्म्याचं फिरकं आहे. ते मोकळ्या आकाशाकडे पाहून जुळवा. सूर्याच्या दिशेला स्कोप कधीच नको.

जुना_फिटर
ताईंचं झालं की क्रॉसहेअर सरळ करायचं. एका माणसानं हातात धरून 'वाटतं सरळ' म्हणायचं, असं नको. गवंड्याचा ओळंबा घ्या. वारा नसेल तेव्हा दहा-बारा मीटरवर भिंतीला लटकवा, पांढरा दोरा असला की चांगला दिसतो. रायफल टेकणीवर ठेवून रेलच्या सपाट माथ्यावर आडवी पाणसळ ठेवा. बुडबुडा मधे आल्यावर स्कोप फिरवून उभी रेघ दोऱ्याशी मिळवा. आता टोप्या आवळा, आणि आवळताना पुन्हा पाहत राहा, कारण घोटाळा इथंच होतो.

एका बाजूचे स्क्रू आधी पूर्ण आवळले तर नळी त्या बाजूला फिरते आणि रेघ वाकते. चारही स्क्रू हातानं लावा, मग तिरपे-तिरपे पाव-पाव आटा. टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. टॉर्क पाना असेल तर टोपीच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाऊंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. नसेल तर एलन कीचं लांब टोक स्क्रूत घाला, आखूड टोक दोन बोटांनी धरून फिरवा. मूठ भरून नको. टोपीच्या स्क्रूंना लॉकिंग गोंद लावू नका, ओला आटा कमी जोरात जास्त ताणला जातो आणि नळी चेपते.

जास्त आवळल्याची खूण अशी: मोठेपणाची कडी कोरडी, जड फिरते, किंवा क्लिक फिरवले तरी छर्रा सरकत नाही आणि मग एकदम उडी मारतो. टोपी अर्धा आटा ढिली करा. कडी मोकळी झाली तर दोष नळी दाबल्याचा होता, स्कोपचा नव्हता.

शेवटी रिंगच्या कडेला नळीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवा. पुढं ग्रुप सरकला की आधी ती रेघ पाहा.

संत्राबाग
ब्रेक बॅरलच्या नळ्या खाली झुकलेल्या असतात. मागच्या रिंगखाली एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा आधीच ठेवून दे, नाहीतर क्लिक संपतात.

जुना_फिटर
आधी मोजा, मग ठेवा. एक्स-रेची फिल्म साधारण ०.१८ मिमी जाड. दोन रिंगांत ८० मिमी अंतर असेल तर तिच्यामुळे २० मीटरवर मारा ४५ मिमी वर जातो, म्हणजे इलाज भारी आहे. गरज नसताना ठेवली तर नळीवर उगाच ताण. पऱ्हाटी भाऊ, वर-खालीचं फिरकं या टोकापासून त्या टोकापर्यंत किती क्लिक ते मोजा, बरोबर मधे आणा आणि मग मारून पाहा.

पऱ्हाटी_यवतमाळ
बसवला. पिन मागच्या भिंतीले टेकवली. ओळंबा सरपंचाच्या बांधकामावरून मागून आणला. घंटीखाली अडीच मिमीच्या वर हवा आहे, नळी मोडताना कुठं लागत नाही. डोळे मिटून उघडले की ९× वर चित्र पुरं, कोर नाही.

वर-खालीचे एकूण २२० क्लिक. ११० वर आणून मारलं तर ग्रुप ५४ मिमी खाली. पण ग्रुप १८-२० चा झाला.

जुना_फिटर
चित्र पुरं दिसतंय म्हणजे रिंगांचं काम झालं. पाव मिनिटाच्या क्लिकला २० मीटरवर सुमारे १.४ मिमी. ५४ भागिले १.४ म्हणजे ३९ क्लिक वर. तुमच्याकडे मधापासून ११० आहेत, एक तृतीयांशच्या थोडं वर वापरले. फिल्मची गरज नाही. टोकापासून वीस-पंचवीस क्लिकच उरले असते तर मी म्हणालो असतो ठेवा, कारण तिथं आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो टिकत नाही.

याच ३९ क्लिकमध्ये रेघ सरळ असण्याचा फायदा दिसेल. रेघ ३ अंशानं तिरकी असती तर ५४ मिमी वर जाताना छर्रा पावणेतीन मिमी बाजूलाही गेला असता. ते डाव्या-उजव्या फिरक्यानं झाकता येतं, पण फक्त २० मीटरपुरतं. १० किंवा ३५ वर पुन्हा उघडं पडतं.

संत्राबाग
मी तरी फिल्म ठेवतो. मधोमध असलेलं फिरकं कधीही बरं, टोकापाशी गेलं की कटकट.

जुना_फिटर
भाऊ, ०.१८ पर्यंत नळी चेपत नाही, त्यामुळे त्यावर वाद घालणार नाही. अर्धा मिमीच्या घरात जायची गरज पडली तर मात्र फिल्म नको, झुकाव असलेला माउंट घ्या.

पऱ्हाटी_यवतमाळ
एक राह्यलं. ९× वर झिरो करून ३× केलं तर छर्रे ४-५ मिमी उजवीकडं लागून राह्यले. हे पुन्हा डोक्याचं का स्कोपचं?

रायफल_ताई
३× वर डोळा कुठंही असला तरी चित्र पुरं दिसतं, म्हणून गाल नकळत सरकतो. मला गालच वाटतो.

जुना_फिटर
मला खात्री नाही. हलक्या किमतीच्या झूम स्कोपांत मोठेपणा बदलला की मारा सरकतो, आतली भिंगांची जोडी एका रेषेत फिरत नसेल तर. सकाळी, तापायच्या आधी मारा, नाहीतर जमिनीवरची लहर दोन्ही निकालांत मिसळेल. एक छर्रा ९× वर, एक ३× वर, आळीपाळीनं, दोन वेगळ्या कागदांवर, पाच-पाच. पिशवी हलवू नका, एओ कडीला हात लावू नका. दोन्ही ग्रुप घट्ट आले आणि तरी मधल्या जागा वेगळ्या निघाल्या तर स्कोप. ३× चा ग्रुपच आडवा पसरला तर ताईंचं खरं.